नायट्राइट कमी आलं म्हणून लगेच बाटली ओतू नका

प्रश्न: माझ्या ट्रकचं इंजिन वेट लायनरवालं आहे. दोन महिन्यांपूर्वी कूलंटमध्ये एससीएची, म्हणजे लायनर वाचवणाऱ्या केमिकलची बाटली टाकली होती, परवा टेस्ट स्ट्रिप लावली तर नायट्राइटचा पॅड परत फिका, चार्टवर १ युनिटच्या आसपास येतंय. आता किती टाकू? दोन बाटल्या एकदम टाकल्या तर चालेल, की सगळं कूलंटच काढून नवीन भरू?

दादा, सध्या बाटली बाजूला ठेवा, आधी एक सांगा, त्याच स्ट्रिपवर ग्लायकोलचा पॅड किती दाखवतोय आणि मॉलिब्डेटचा किती? कारण नायट्राइट कमी झालं एवढ्यावरून काहीच ठरत नाही, ते का कमी झालं यावर किती टाकायचं आणि टाकायचं की नाही हे ठरतं. पाणी जास्त पडून पातळ झालं असेल तर हिशोब वेगळा, आणि नायट्राइट एकटंच खाल्लं जात असेल तर मग बाटली ओतून तुम्ही फक्त दुसरा एक बिघाड झाकून ठेवताय. हे दोन्ही एकाच स्ट्रिपवरून कळतं, फक्त तिचे सगळे पॅड एकत्र वाचावे लागतात, आणि बहुतेक जण एकच पॅड बघून स्ट्रिप फेकून देतात.

पण त्याच्याही आधी डब्यावर बघा कूलंट कुठल्या प्रकारचं आहे. ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, म्हणजे ओएटी कूलंट असेल आणि त्यात नायट्राइट नसेलच, तर तुमची स्ट्रिप शून्यच दाखवणार, तो बिघाड नाहीच, त्याची टेस्ट वेगळी असते आणि त्यात एससीए टाकायचं नसतं. रंगावर जाऊ नका, लाल म्हणजे अमुक आणि हिरवं म्हणजे तमुक असा काही नियम नाही, कंपनीला वाटेल तो रंग ती टाकते. पुढचं सगळं मी असं धरून लिहितोय की तुमचं कूलंट जुन्या पद्धतीचं, एससीएवर चालणारं आहे.

आता हे नायट्राइट तिथे करतं काय ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती लोखंडी नळी, आणि वेट लायनरमध्ये तिच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागलेलं असतं, मध्ये ब्लॉकची भिंत नसते. प्रत्येक स्फोटाला पिस्टन एका बाजूला आपटतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. भिंत आत जाते तेव्हा बाहेरच्या कूलंटचा दाब क्षणभर पडतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, भिंत परत आली की ते फुटतात, आणि फुटताना कूलंटची बारीक धार लायनरवर ठोकली जाते. असं मिनिटाला शेकडो वेळा, त्याच त्याच जागी. लोखंड थोडं थोडं उडत जातं. नायट्राइट काय करतं, तर लोखंडावर ऑक्साइडचा एक पातळ कडक थर धरून ठेवतं, बुडबुड्याचा मार त्या थरावर बसतो, थर उडाला की नायट्राइट लगेच नवा धरतं. म्हणजे बुडबुडे काही थांबत नाहीत, जखम झाली की लगेच खपली धरते इतकंच. कूलंटमध्ये नायट्राइट संपलं की खपली धरायची बंद होते आणि मार सरळ धातूवर.

एकदा एका इंजिनचा लायनर काढला होता. गाडीवाल्याची तक्रार एवढीच की कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच नाही, आणि ऑइल चहासारखं झालंय. लायनर बाहेर काढून गंज पुसला तर पिस्टन जिकडे दाबतो त्या अंगाला वरून खाली एक उभा पट्टा, बोटभर रुंद, त्यात सुईच्या टोकाएवढी भोकं दाटीवाटीने, बाकी सगळा लायनर स्वच्छ. मग अंधारात आतून टॉर्च धरला तर त्या पट्ट्यात दोन ठिकाणी उजेडाचे ठिपके बाहेर दिसले. म्हणजे भोकं आरपार. त्याच भोकांतून कूलंट सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये. ज्याला अजून शंका असेल की एससीए नाही टाकलं तर काय होतं, त्याने एकदा तो पट्टा बघायला पाहिजे होता.

बरं, आता टेस्ट. स्ट्रिप चुकीची लावली तर पुढचं सगळं गणितच चुकतं म्हणून हे जरा नीट सांगतो. सॅम्पल रेडिएटरच्या खालच्या नळातून किंवा इंजिनवरच्या एखाद्या कॉकमधून घ्या, ओव्हरफ्लोच्या बाटलीतून कधीच नको, तिथलं कूलंट फिरतच नाही, वरून टाकलेलं पाणी तिथेच बसून राहतं आणि तुम्ही त्याची टेस्ट करून हैराण होता. गाडी नीट चाललेली पाहिजे म्हणजे थर्मोस्टॅट उघडून सगळं मिसळलेलं असतं, मग थंड होऊ द्या. गरम इंजिनचं झाकण उघडू नका हे तुम्हाला माहीतच असणार. नळातून पहिलं थोडं सोडून द्या, कारण तळाचा गाळ त्यात येतो, मग स्वच्छ भांड्यात घ्या. सॅम्पल कोमट किंवा खोलीच्या तापमानाला असू द्या, साधारण १० ते ५५ अंशांमध्ये, कढत कूलंटमध्ये पॅडचे रंग वेगळेच चढतात.

स्ट्रिप बुडवायची एकच सेकंद, बाहेर काढून एक झटका द्यायचा, आणि मग घड्याळ. मी वापरतो त्या तीन पॅडवाल्या स्ट्रिपला ४५ सेकंद थांबून वाचायला सुरुवात करायची आणि ७५ सेकंदांच्या आत तिन्ही पॅड वाचून संपवायचे असा नियम आहे, तुमच्या डबीवर वेगळा असेल तर तो पाळा. मोबाइलमध्ये टायमर लावा, अंदाजाने करू नका, कारण पॅड पुढे रंगतच जातो आणि दोन मिनिटांनी बघितलं तर कमी असलेलं कूलंटही मस्त दिसतं. उजेड दिवसाचा घ्या, पिवळ्या बल्बखाली गुलाबी आणि तपकिरी सारखंच दिसतं. रंग दोन खुणांच्या मध्ये आला तर मधला आकडा लिहा, मनाला बरा वाटतो तो लिहू नका. आणि डबीचं झाकण. डबी उघडी राहिली की हवेतल्या ओलाव्याने स्ट्रिपा खराब होतात, न वापरलेल्या स्ट्रिपचा पॅड आधीच तपकिरी किंवा गुलाबीसर झालेला दिसला तर अख्खी डबी फेका, तारीख उलटलेली असेल तरी फेका. मी नवी डबी उघडली की पहिली स्ट्रिप ताज्या मिक्स केलेल्या कूलंटमध्ये लावून बघतो, त्याचं उत्तर आधीच माहीत असतं, म्हणजे डबी खरी बोलते का ते कळतं.

ग्लायकोलचा पॅड मी फारसा धरत नाही, त्याच्या पायऱ्या मोठ्या असतात. त्याच्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, काचेवर एक थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावायचा, बस. ५० टक्के एथिलीन ग्लायकोल असेल तर गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास दिसतो. मी ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवायला सांगतो, ६० च्या वर नको, कारण ग्लायकोल जास्त झालं की हेच एससीए त्यात नीट विरघळून राहत नाही आणि साका बसायला लागतो.

आता मूळ मुद्दा. समजा मागच्या वेळी तुमच्या गाडीत ग्लायकोल ५० टक्के आणि एससीए गॅलनला २ युनिट होतं, आणि सिस्टिम ४५ लिटरची आहे. मध्ये कुठेतरी होज गळला, ९ लिटर गेलं आणि ड्रायव्हरने साधं पाणी भरलं. ९ लिटर म्हणजे पाचवा हिस्सा गेला, तर सगळंच पाचव्या हिश्शाने उतरणार, ग्लायकोल ४० वर आणि एससीए १.६ वर. दोन्ही एकाच प्रमाणात उतरले म्हणजे समजायचं की फक्त पातळ झालंय, केमिकलला काही झालेलं नाही. तुमचं एससीए २ वरून १ वर आलं असेल, म्हणजे निम्मं, आणि ते पाण्यामुळे असेल तर ग्लायकोलही निम्मं होऊन २५ टक्क्यांवर यायला पाहिजे. तसं आलंय का? आलं असेल तर गळती शोधा, ग्लायकोल वाढवा आणि एससीए भरून घ्या, विषय संपला. पण ग्लायकोल ४८ आणि एससीए १ असं येत असेल तर पाण्याचा काही संबंध नाही, नायट्राइट आतल्या आत संपतंय.

तिसरा पॅड, मॉलिब्डेटचा, इथे कामाला येतो. नायट्राइट आणि मॉलिब्डेट दोन्ही असलेलं एससीए असेल तर लक्षात ठेवा की नायट्राइट खर्च होतं, मॉलिब्डेट त्यामानाने बरंच टिकून राहतं. म्हणजे मॉलिब्डेट भरपूर आणि नायट्राइट पडलेलं असं चित्र दिसलं की नक्की काहीतरी नायट्राइट खातंय. म्हणूनच त्या स्ट्रिपच्या चार्टमध्ये एक रंग आडवा आणि एक उभा धरून जिथे दोन्ही भेटतात तो आकडा वाचायचा असतो, फक्त नायट्राइटच्या रांगेतून वाचला तर चुकता. तुम्ही १ युनिट म्हणताय ते नेमकं कसं वाचलं ते एकदा परत बघा हं.

खातं कोण? नेहमीचा चोर म्हणजे हवा. कूलंटमध्ये हवा शिरली की त्यातल्या ऑक्सिजनने नायट्राइटचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट लायनर वाचवायला काही उपयोगाचं नाही, स्ट्रिपवरही दिसत नाही. हेड गॅस्केटमधून जळका वायू येत असेल तरी तेच, वर त्याने आम्लही येतं आणि पीएच खाली जातो. कूलंटची लेव्हल कायम कमी ठेवलेली असेल, वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला होजचा क्लॅम्प ढिला असेल, तरी हवा ओढली जाते. अ‍ॅल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवला असेल तर त्याच्या आत ब्रेझिंगचा फ्लक्स राहिलेला असतो, तोही सुरुवातीला नायट्राइट झपाट्याने संपवतो, तिथे नायट्राइटचा अमोनिया होतो आणि पीएच उलटा वर चढतो. गेल्या काही महिन्यांत रेडिएटर बदललाय का तेही आठवून बघा.

पण ट्रकमध्ये एक चोर असा आहे की कुणाच्या डोक्यातच येत नाही, तो सांगतो आणि तो माझ्यावरच बेतलेला आहे. माझ्याकडे एक सहा सिलिंडरचा ट्रक यायचा, सिस्टिम ४५ लिटरचीच. दर ऑइल चेंजला मी स्ट्रिप लावायचो आणि वहीत लिहायचो. पहिल्यांदा ग्लायकोल ५०, एससीए २. पुढच्या ऑइल चेंजला ग्लायकोल ४९ आणि एससीए १.१. मी फार विचार केला नाही, दोन बाटल्या ओतल्या. त्याच्या पुढच्या वेळी परत १.२, परत दोन बाटल्या. चौथ्या वेळी गाडी आली ती वॉटर पंप गळतोय म्हणून. पंपाच्या खालच्या भोकाशी पांढरट हिरवट खडा साचलेला, नखाने खरवडला तर चुऱ्यासारखा सुटला. तेव्हा कुठे मी स्ट्रिप नीट बघितली, नायट्राइटचा पॅड फिका, पण मॉलिब्डेटचा पॅड चार्टच्या शेवटच्या रंगालाही मागे टाकून गेलेला. म्हणजे मी नायट्राइट बघून बाटल्या ओतत होतो, नायट्राइट जळून जात होतं, आणि बाटलीतलं बाकी सगळं, मॉलिब्डेट, फॉस्फेट, सिलिकेट, साठत साठत त्याचे खडे होऊन पंपाचं सील घासत होते. कमी पडू नये म्हणून टाकलं आणि जास्त होऊन बसलं, आणि लायनरला संरक्षण तरीही नाहीच.

मग झाकण काढून इंजिन थंड असतानाच चालू केलं, रेडिएटरच्या तोंडात बारीक बुडबुडे येताना दिसले. पहिला संशय हेड गॅस्केटवर, हेड उतरवायची तयारी. पण कम्बशन लीकची टेस्ट केली, निळं पाणी असतं ते, जळका वायू लागला की पिवळं होतं, तर ते निळंच राहिलं. बराच वेळ पंपिंग केलं तरी निळंच. म्हणजे बुडबुडे येतात पण जळका वायू नाही, नुसती हवा. आणि ट्रकमध्ये दाबाने हवा भरणारी एक वस्तू आहे, ब्रेकचा एअर कंप्रेसर, आणि त्याचं हेड इंजिनच्याच कूलंटने थंड होतं. टाकीचा दाब भरून गव्हर्नरने कंप्रेसर अनलोड केला, म्हणजे त्याचं हवा भरणं थांबवलं, तेव्हा बुडबुडे थांबले. ब्रेक दाबून दाबून दाब उतरवला, कंप्रेसर परत लोडवर आला की लगेच बुडबुडे सुरू. तीनदा करून बघितलं, तीनदा तसंच. कंप्रेसरच्या हेडचं गॅस्केट एका कोपऱ्यात फुटलेलं होतं, तिथून हवा सरळ कूलंटमध्ये. एवढं छोटं गॅस्केट बदललं, सगळं कूलंट काढलं, सिस्टिम स्वच्छ पाण्याने धुतली, नवीन भरलं आणि एकदाच एससीए घातलं. पुढच्या ऑइल चेंजला १.९ आलं आणि त्याच्या पुढे १.८, बाटलीला हातही लावला नाही.

त्यामुळे तुमच्याकडे ग्लायकोल जागेवर आणि नायट्राइट पडलेलं असेल तर आधी हीच कंप्रेसरची परीक्षा करा, तिला काही खर्च नाही, अर्धा तास जातो. पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, आणि इंजिन गरम व्हायच्या आत उरका. निळं पाणी पिवळं झालं तर मात्र हेड गॅस्केट किंवा इंजेक्टरचा कप, ते काम मोठं आहे. पीएचच्या पट्ट्या असतील तर तोही बघून घ्या, या प्रकारच्या कूलंटला साधारण ८.५ ते १०.५ मध्ये असतो, ८ च्या खाली गेला असेल तर कूलंटच आंबलंय समजा, त्यात एससीए ओतणं म्हणजे वाया घालवणं.

आता समजा कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, किंवा नुसतं पाणीच जास्त झालं होतं, मग किती टाकायचं. युनिटवाल्या पद्धतीत एका गॅलनला १.५ ते ३ युनिट हा ठेवायचा पट्टा आहे. १.२ च्या खाली गेलं की लायनर उघडा पडायला लागतो, ३ च्या वर असेल तर काहीच टाकायचं नाही. हा गॅलन अमेरिकन आहे हे विसरू नका, ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५५ लिटरचा नाही. ४५ लिटर म्हणजे अमेरिकन हिशोबाने जवळपास १२ गॅलन होतात, कुणी ब्रिटिश धरून १० म्हणतो आणि तिथेच डोस कमी पडतो.

तर १२ गॅलन आणि टेस्टला १ युनिट, म्हणजे सिस्टिममध्ये आत्ता एकूण १२ युनिट आहेत. मी २ च्या आसपास आणायला सांगेन, पार ३ ला नेऊन भिडवायची काही गरज नाही. २ ला २४ युनिट लागतात, म्हणजे १२ कमी. मी वापरतो त्या अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बाटलीत लेबलप्रमाणे ५ युनिट असतात, दोन टाकल्या की १० झाले, एकूण २२, भागिले १२ केलं की १.८. पुरे आहे. तिसरी बाटली टाकायचा मोह होतो, २७ भागिले १२ म्हणजे २.२५, तेही पट्ट्यात आहे, पण मी टाकत नाही, कारण टाकलेलं सहज काढता येत नाही, कमी पडलं तर टाकता येतं. तुमच्या बाटलीवर युनिट किती लिहिलेत ते बघा, सगळ्या बाटल्या सारख्या नसतात, आणि काहींवर युनिट नसून टक्के किंवा लिटरला अमुक मिली असं लिहिलेलं असतं, मग त्यांचीच पद्धत धरा, दोन कंपन्यांचे हिशोब एकमेकांत मिसळू नका. बाटल्याही दोन कंपन्यांच्या मिसळू नका, एकीत बोरेट-नायट्राइट असतं, दुसरीत फॉस्फेट-मॉलिब्डेट, आणि मग स्ट्रिपचा चार्ट कुणाचा वाचायचा ते कळेनासं होतं.

एक फसगत इथे नेहमी होते ती कूलंट फिल्टरची. काही फिल्टरमध्ये आतच एससीए भरलेलं असतं, काही कोरे असतात, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुम्ही १० युनिट बाटलीने टाकले आणि त्याच दिवशी मेकॅनिकने ४ युनिटवाला फिल्टर लावला तर आधीचे १२ धरून २६ झाले, चालतील, पण १५ युनिटवाला लावला तर ३७ होतात आणि तुम्ही ३ च्या वर गेलात. आणि हे लगेच स्ट्रिपवर दिसणार नाही, फिल्टरमधलं हळूहळू विरघळतं. फिल्टरचा नंबर लिहून ठेवा आणि त्यात किती युनिट ते शोधा. तसंच तयार भरलेलं, एससीए आधीच घातलेलं कूलंट टॉपअपला वापरत असाल तर त्यातूनही युनिट येतात, मग दर टॉपअपला वेगळं काही टाकायचं नाही.

जास्त झालंच असेल तर उपाय एकच, थोडं काढून एससीए नसलेलं मिक्स भरायचं. ४५ लिटरच्या सिस्टिममध्ये गॅलनला ४ युनिट झालेत आणि २.५ वर आणायचंय तर साडेसदतीस टक्के बदलावं लागतं, म्हणजे १७ लिटर. साधं पाणी भरून खाली आणू नका, ग्लायकोल पडेल, ५०-५० मिक्सच भरा. पंपाला खडे आलेले असतील, रेडिएटरच्या नळ्यांत हिरवं जेलीसारखं दिसत असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही, सगळं काढून धुवायलाच लागतं.

तुम्ही विचारलंत की सगळंच काढून नवीन भरू का. ग्लायकोल ठीक, पीएच ठीक, मॉलिब्डेट चार्टच्या आत, कूलंट स्वच्छ आणि ऑइलचा तवंग नाही, असं असेल तर काढू नका, एवढं कूलंट फुकट कशाला घालवायचं. मॉलिब्डेट चार्टच्या बाहेर, किंवा पीएच ८ च्या खाली, किंवा कूलंट गंजाळलेलं तपकिरी, यातलं एक जरी असलं तरी काढा, पण चोर पकडल्यावरच, नाहीतर नवीनही दोन महिन्यांत असंच होईल. नवीन भरताना पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटला धरून लायनरवर पापुद्रा बसवतं, कडकपणा १७० पीपीएमच्या आत आणि क्लोराइड ४० च्या आत असं इंजिनवाले सांगतात, ते घरी मोजत बसण्यापेक्षा डिस्टिल्ड सोपं.

पीपीएमचा विषय निघालाच म्हणून, काही चार्ट आणि लॅबचे रिपोर्ट युनिट न देता नायट्राइट पीपीएममध्ये देतात. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या डी ६२१० मध्ये नुसत्या नायट्राइटवर चालणाऱ्या कूलंटला किमान १२०० पीपीएम नायट्राइट लागतं, आणि नायट्राइट-मॉलिब्डेट जोडीवर चालणाऱ्याला दोन्ही मिळून ७८० पुरतं, पण दोन्हींपैकी प्रत्येक कमीत कमी ३०० तरी पाहिजे. म्हणून मॉलिब्डेटवाल्या कूलंटचा रिपोर्ट ५०० नायट्राइट आला तर लगेच घाबरू नका, मॉलिब्डेट किती ते बघा, ३०० आलं तर ८०० झालं, पास आहे. तोच ५०० नुसत्या नायट्राइटवाल्या कूलंटमध्ये आला तर मात्र नापास.

स्ट्रिपवर विश्वास बसत नसेल तर थेंब मोजायची किट मिळते. ठरलेलं सॅम्पल घ्यायचं, इंडिकेटर टाकायचा आणि रंग बदलेपर्यंत एकेक थेंब टाकत मोजायचं, एक थेंब म्हणजे किती पीपीएम ते किटवर लिहिलेलं असतं. स्ट्रिपपेक्षा बारीक आकडा मिळतो, पण थेंब सरळ उभी बाटली धरून टाकायचे, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि गणित बिघडतं. वर्षातून एकदा लॅबला सॅम्पल पाठवत असाल तर नायट्रेटचा आकडा आवर्जून मागा, नायट्राइट कमी आणि नायट्रेट भरपूर आलं की हवा शिरतेय हे कागदावरच सिद्ध होतं, कुणाशी वाद घालायला नको.

झाकणाचं एक राहिलं. रेडिएटरचं प्रेशर कॅप ढिलं असेल तर सिस्टिमचा दाब टिकत नाही, आणि दाब कमी म्हणजे लायनरपाशी बुडबुडे जास्त. कॅपचं रबर चिरलेलं असेल तर बदला, नायट्राइट पूर्ण असलं तरी त्याच्यावर जास्त मार कशाला पडू द्यायचा.

टाकल्यावर गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा, मिसळू द्या, मग थंड करून परत स्ट्रिप लावा आणि तारीख, किलोमीटर, ग्लायकोल, नायट्राइट, मॉलिब्डेट असं पाचही वहीत लिहा. पुढे दर ऑइल चेंजला, पण या वेळी पहिली टेस्ट पंधरा दिवसांनीच करा. पंधरा दिवसांत १.८ चं १.४ झालेलं दिसलं आणि ग्लायकोल तिथेच असेल तर चोर अजून आत बसलाय. तोवर ग्लायकोल आणि मॉलिब्डेटचे आकडे इथे टाका, आणि कंप्रेसर लोडवर असताना बुडबुडे येतात का तेही.